खाजनात परत भात उभं आहे – पत्रकाराला पाठवायच्या मेलची पहिली ओळ काय ठेवू?

खाजनकर
तिसवाडीत मांडवीकाठी आमचा शेतकऱ्यांचा गट आहे. गावाचं नाव इथं टाकत नाही, का ते पुढं कळेल. २०१२ च्या पावसात बांध फुटला, खारं पाणी आत आलं आणि तेव्हापासून खाजन, म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेलं भातशेत, पडीक होतं. यंदा उन्हाळ्यात बांध बांधून काढला, बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मानशीला नवी दारं बसवली, पावसानं मीठ धुऊन गेल्यावर कोरगूट भात पेरलं. आता भात पोटरीतून बाहेर आलंय, ऑक्टोबरात कापणी.

याआधी दोनदा प्रेसनोट दिली. एकदा आलीच नाही, एकदा आतल्या पानावर चार ओळी आल्या, मथळा "शेतकरी गटाचा स्तुत्य उपक्रम". या वेळी प्रेसनोट न देता एका पत्रकाराला थेट मेल करून विषय सुचवावा असं ठरलंय. एक जाणकार म्हणाला की पहिल्या ओळीत बातमी हवी आणि तिच्या आधाराला एकच ठोस गोष्ट. आमच्या सचिवांनी लिहिलेली पहिली ओळ अशी:

"तिसवाडी तालुक्यातील आमच्या गावातील शेतकरी गटाच्या वतीने पारंपरिक खाजन शेतीचे संवर्धन व पुनरुज्जीवन करण्याच्या उदात्त हेतूने स्तुत्य उपक्रम हाती घेण्यात आला असून त्यास उत्स्फूर्त प्रतिसाद लाभत आहे."

आणि आधाराला आमच्याकडे एवढं आहे: २२ हेक्टरपैकी १४ हेक्टरवर भात, ३१ शेतकरी, ४०० मीटर बांध, निम्मा खर्च सरकारी योजनेतून, निम्मा वर्गणीतून, मातीच्या चाचणीचे दोन अहवाल, बियाणं शेजारच्या गावातून आणलं, मानशीची दारं गावच्याच सुतारानं केली. यातली एकच कशी निवडायची?

लोककार्य
सोपं आहे. कापणीला आमदारांना बोलवा. पहिल्या ओळीत "आमदार अमुक यांच्या हस्ते" घाला, सोबत सरपंच, पंच, कृषी अधिकारी. फोटोत माणसं असली की येतंच. इतकी वर्षं बघतोय, मान्यवरांच्या नावाशिवाय गोव्यात काही छापून येत नाही.

पान_लावणारा
लोककार्य म्हणतात ते निम्मं खरं आहे. आमदार आले तर बातमी येईल, बहुधा फोटोसकट येईल. पण ती "आमदारांच्या हस्ते भातकापणीचा शुभारंभ" अशी येईल, आणि त्यात आमदार काय म्हणाले याच्या सहा ओळी असतील. खाजन तेरा वर्षांनी पिकलं हे सातव्या ओळीत, आणि पान भरलं तर ती सातवी ओळ सगळ्यात आधी उडते. डेस्कवर बातमी कापतात ती खालून.

खाजनकर, तुमच्या सचिवांची ओळ प्रेसनोटेची आहे. प्रेसनोट छापायला देतात. तुम्ही आता जो मेल लिहिताय तो छापायला नाही, एका बातमीदारानं गावात यावं म्हणून आहे. त्या मेलचा एकच वाचक आहे, आणि तो मेल वाचून सकाळच्या मीटिंगला बसणार आहे. मुख्य बातमीदार विचारणार, "तुझ्याकडे आज काय?" त्यानं जे एक वाक्य तोंडी सांगायचं ते तुम्ही त्याला आयतं द्यायचं. "स्तुत्य उपक्रम हाती घेण्यात आला असून" हे कोणी तोंडानं बोलतं का? बोलून बघा, अडखळाल.

त्या ओळीत काय काय नाही ते बघा. काय घडलं ते नाही, कधी घडलं ते नाही, आधी काय होतं ते नाही. गट आहे, हेतू आहे, प्रतिसाद आहे. तुमच्या गटाऐवजी रक्तदान करणारं मंडळ घातलं तरी वाक्य तसंच राहतं. मथळा "स्तुत्य उपक्रम" का आला ते आता कळलं असेल, उपसंपादकाला दुसरं काही हाताला लागलंच नाही.

तुमच्याकडे बातमी आहे ती एवढीच: इथं तेरा वर्षं पीक नव्हतं, आता आहे, आणि अमुक दिवशी कापणार. गट, हेतू, वर्गणी सगळं नंतर. हे लिहून काढा आणि इथं टाका.

नाट्यवेडा_डिचोली
धागा वाचतोय. आमच्या नाटकाचा पुढच्या महिन्यात पन्नासावा प्रयोग आहे, तोही तालुक्यातच. पहिल्या ओळीत "पन्नासावा प्रयोग" टाकला तर चालेल ना? आणि परीक्षण छापून येण्यासाठी कोणाला भेटावं?

जुनी_वार्ताहर
नाट्यवेडा, पन्नासावा ही तुमच्यासाठी मोठी गोष्ट आहे, वाचकासाठी तो आकडा आहे. त्या पन्नासात काही वेगळं घडलंय का बघा: सगळे प्रयोग जत्रांतच झाले का, तीच नटमंडळी पहिल्यापासून आहेत का. परीक्षणाचं खातं वेगळं, ते पुरवणीवाले बघतात, त्याला दुसरा धागा काढा.

खाजनकरांच्या यादीकडे येते. आधाराची गोष्ट निवडताना तिनं पहिल्या ओळीचंच ओझं उचललं पाहिजे. तुमचा दावा आहे "पडीक शेत परत पिकलं". मग कुठली गोष्ट हा दावा खरा असल्याचं दाखवते? ३१ शेतकरी दाखवत नाहीत, माणसं जमली म्हणजे भात उगवलं असं नाही. ४०० मीटर बांध म्हणजे काम झालं, पीक आलं असं नव्हे. खर्चाचा आकडा दिलात तर बातमीच दुसरी होते, "सरकारी योजनेतून बांध", आणि बातमीदार तिसवाडीऐवजी योजनेच्या मागे जातो. सुतार मला फार आवडला, पण तो आधार नाही. तो बातमीदाराला गावात आल्यावर भेटू दे, त्याची वेगळी चौकट होईल.

राहते ती २२ पैकी १४ हेक्टर. तीच घ्या. आणि तिच्यातली खरी ताकद १४ मध्ये नाही, उरलेल्या ८ मध्ये आहे. "आठ हेक्टरात अजून खारं पाणी साचतं" असं तुम्ही स्वतःच लिहिलंत की वाचणाऱ्याला कळतं, ही माणसं फुगवून सांगत नाहीत. बांधावर उभं राहिल्यावर ते आठ हेक्टर त्याला दिसणारच आहेत. तिथं दिसण्यापेक्षा मेलमध्ये वाचलेले बरे.

आकडेमोड
माझं मत वेगळं. मातीची चाचणी हा सगळ्यात पक्का पुरावा. प्रयोगशाळेचा कागद आहे, त्यावर विद्युत वाहकता लिहिलेली असते. ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारपड धरतात, आणि साधं भात त्याआधीच, ३ च्या आसपास, मार खायला लागतं. कोरगूट तग धरतं म्हणून तर खाजनात लावतात. "वाहकता ९ वरून ३ वर आली" असं लिहिलं तर कोण नाकारेल?

जुनी_वार्ताहर
नाकारणार कोणी नाही, पण समजणारही कोणी नाही. बातमीदाराला ते वाक्य मीटिंगमध्ये सांगता येणार नाही. शिवाय खाजनकर, ते दोन अहवाल कुठल्या महिन्यांचे आहेत?

खाजनकर
जुना मे महिन्यातला, बांध फुटल्यावर तीनेक वर्षांनी केलेला. नवा या ऑगस्टचा.

जुनी_वार्ताहर
मग तो आकडा मेलमध्ये अजिबात नको. मे महिन्यात खाजनाच्या मातीत मीठ वर आलेलं असतं, ऑगस्टपर्यंत पावसानं ते धुऊन जातं. बांध न बांधताही मे आणि ऑगस्टमध्ये फरक पडतोच. कोणी कृषी संशोधकाला फोन लावला तर तो पहिल्याच मिनिटाला हे बोट ठेवील, आणि मग तुमची १४ हेक्टरची खरी गोष्टही संशयात जाते. एकच आधार द्या म्हणतात त्याचं कारण हेच. सात गोष्टी दिल्यात की सातही तपासाव्या लागतात, आणि त्यातली सगळ्यात कच्ची जी असेल तिच्यावर तुमची पारख होते. तुलना करायचीच असेल तर पुढच्या मे महिन्यात, त्याच ठिकाणची, तेवढ्याच खोलीवरची माती घ्या.

आकडेमोड
महिन्याचा मुद्दा बरोबर आहे, मान्य. पण बातमीदारानं विचारलं तर दोन्ही अहवाल तारखांसकट द्यावेत, लपवू नयेत.

जुनी_वार्ताहर
अर्थात. विचारलं तर सगळंच द्यायचं. मेलमध्ये काय घालायचं आणि फायलीत काय ठेवायचं, एवढाच प्रश्न आहे.

म्हापसेकर_७१
मेल वगैरे कशाला? वाचकांच्या पत्रांत पाठवा, हमखास छापतात. दोनशे शब्दांत बसवायचं.

पान_लावणारा
म्हापसेकर, ते मत मांडायला ठीक. इथं त्यांना बातमीदार बांधावर आणायचाय.

खाजनकर
लिहून बघितली. तीन ओळी केल्यात, कुठली ठेवू?

अ) गोव्यात पहिल्यांदाच पडीक खाजन परत लागवडीखाली आणण्याचा यशस्वी प्रयोग आमच्या गावानं केला आहे.

आ) तेरा वर्षं खाऱ्या पाण्याखाली असलेल्या आमच्या खाजनात यंदा कोरगूट भात डोलत आहे.

इ) बांध फुटल्यामुळे तेरा वर्षं पडीक असलेल्या आणि यंदा गावकऱ्यांनी लोकवर्गणी व सरकारी योजनेच्या साहाय्यानं दुरुस्त केलेल्या खाजनात कापणी होणार आहे.

पान_लावणारा
(अ) आजच पुसून टाका. "गोव्यात पहिल्यांदाच" हे तपासायचं म्हणजे बातमीदारानं तिसवाडी, बार्देश, सालसेत, सगळीकडचे बांध पालथे घालायचे. पडीक खाजनं याआधीही पिकवली गेली आहेत, कोणीतरी फोन करणारच की आमच्याकडे झालंय. पहिल्यांदा म्हणायचंच असेल तर "या शेतात, अमुक सालानंतर पहिल्यांदा" म्हणा. ते तुमचं तुम्हाला सिद्ध करता येतं.

(इ) मध्ये बातमी खरी आहे, पण ती शेवटच्या तीन शब्दांत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे मधे विशेषणांची माळ लावली की वाचणारा "होणार आहे" पर्यंत पोचतच नाही. फोनवर मेलच्या यादीत पहिल्या दीड-दोन ओळीच दिसतात, तिथं "बांध फुटल्यामुळे" हेच आधी दिसेल आणि त्याला वाटेल बांध काल फुटला.

(आ) जवळ आलीय. "डोलत" काढा, ते त्याला लिहू दे, तुम्ही लिहिलंत तर निबंध होतो. आणि एक शंका. तेरा वर्षं पाण्याखाली म्हणता, पण पाणी बारमाही होतं का? भरतीला यायचं आणि ओहोटीला जायचं असेल तर "पाण्याखाली" हे चुकीचं.

खाजनकर
बरोबर. भरतीला यायचं. वरच्या बाजूला तर उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळायची.

पान_लावणारा
मग ते क्रिकेटचे फोटो कोणाच्या तरी फेसबुकवर असणार, आणि तुमचं "पाण्याखाली" तिथंच पडलं. असं काही लिहा की जे कोणालाच खोडता येणार नाही. शेवटची कापणी कुठल्या साली झाली?

खाजनकर
बांध जुलै २०१२ मध्ये फुटला, त्या वर्षीची लावणी गेली. म्हणजे शेवटची कापणी २०११ ची.

पान_लावणारा
मिळाली की ओळ. "ज्या खाजनात २०११ नंतर भाताची कापणी झाली नाही, तिथं पुढच्या मंगळवारी विळा चालणार आहे." वर्ष आहे, घटना आहे, दिवस आहे, आणि खोटं ठरवायला जागा नाही. "तेरा वर्षं" विषयाच्या ओळीत ठेवा, पण मोजायचं कुठून ते गटात एकदा ठरवा. एकानं बारा सांगितलं, दुसऱ्यानं चौदा, की बातमीदार वैतागतो.

वाळपईकरीण
हेक्टरबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडे एक-चौदाच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं रकान्यांत असतं. गटातल्या तीन जणांनी बेरीज केली की तीन उत्तरं येतात, कारण कोणी आर सोडतो, कोणी सामायिक सर्व्हे नंबर दोनदा धरतो. म्हातारी मंडळी खंडीत सांगतात, आणि खंडी गावागणिक बदलते. एकदा बसून उताऱ्यांवरून पक्की बेरीज करा. १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, हे लक्षात ठेवून एखादा शून्य वाढला नाही ना ते बघा. १४ हेक्टर म्हणजे १ लाख ४० हजार चौरस मीटर. १४ लाख लिहून गेलं तर तालुक्याला हसू.

आणि दुसरं. उतारा क्षेत्र सांगतो, त्यावर यंदा भात उभं आहे की नाही ते सांगत नाही. १४ हा आकडा कुणाचा? तुमचा की कृषी खात्याचा?

खाजनकर
सप्टेंबरात विभागीय कृषी कार्यालयाचे लोक पाहणीला आले होते, त्यांनी लिहून नेलं. तोंडी १४ सांगितलं.

वाळपईकरीण
तोंडी चालणार नाही. बातमीदार कार्यालयात फोन करील, आणि तिथं बसलेला माणूस "वरिष्ठांना विचारा" म्हणेल. त्यात त्याचा दोष नाही, वृत्तपत्राशी बोलायची मुभा त्याला नसते. म्हणून त्या पाहणीच्या नोंदीची सही-तारखेची प्रत आधीच घ्या. माहिती अधिकारात अर्ज केलात तर ३० दिवसांची मुदत, तोवर भात कापून मळूनही होईल. साधा अर्ज करा, गटाच्या लेटरहेडवर, "आमच्या क्षेत्राच्या पाहणीची प्रत मिळावी". बहुतेक वेळा मिळते. प्रत मिळाली की मेलला जोडू नका, फक्त लिहा की आहे.

लोककार्य
कागद कागद काय करताय. लोक बातमी वाचतात ती भांडणाची. मानशीवर मासे मारायचा हक्क पावणीत लिलावानं जातो ना? तो ज्याला मिळतो तो कोळंबीसाठी दारं उघडी ठेवतो आणि खारं पाणी शेतात. पुष्कळ खाजनं अशीच बुडाली. तुमच्याकडे तसं नव्हतं का? तेच पहिल्या ओळीत घाला, पहिल्या पानावर येईल.

खाजनकर
गावाचं नाव लिहिलं नाही ते यासाठीच. तसं बोललं जातं. बांध आधी फुटला की दारं उघडी राहिल्यामुळे आतून पोखरला, यावर गावात दोन तट आहेत. पावणी कोणी करायची, गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या कोमुनिदादीनं की कुळांच्या संघटनेनं, यावरही वाद आहे.

जुनी_वार्ताहर
लोककार्य आता मुद्द्यावर आलेत, आणि मानशीचं म्हणतात ते खाजनाच्या बाबतीत काही खोटं नाही. मानस मुळात आपोआप चालते, भरतीचं पाणी दार बाहेरून ढकलून बंद करतं, ओहोटीला आतल्या पाण्यानं उघडतं. त्यात फळी घालून दार उघडं ठेवलं तर काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको.

पण हा आरोप आहे. पहिल्या ओळीत आरोप आला की बातमीदाराला दुसऱ्या बाजूचं म्हणणं घ्यावंच लागतं. तो कोमुनिदादीकडे जाणार, पावणी घेणाऱ्याकडे जाणार, ते कागद मागणार, आठ दिवस जाणार. कापणी उरकलेली असेल आणि फोटोला नुसते खुंट. हातात कागद असेल, म्हणजे पावणीच्या अटी, तक्रारीची पोच, पंचनामा, तर ती वेगळी, मोठी बातमी आहे, तिला वेगळा मेल करा. कागद नसेल तर एक शब्दही नको.

आकडेमोड
इथं मी लोककार्यच्या बाजूनं. कापणीची बातमी दोन दिवसांत विसरतील. मानशीची बातमी आली तर पुढच्या वर्षी दारं बंद राहतील. गटाला काय हवंय, कौतुक की भात?

पान_लावणारा
प्रश्न वाजवी आहे, पण एका मेलमध्ये दोन्ही मावत नाहीत. एवढं मात्र नक्की: कापणीला आलेला बातमीदार "बांध फुटला कशानं?" हे विचारणारच. गटानं आधी ठरवून ठेवा की यावर कोण बोलणार आणि काय बोलणार. पाच जण पाच उत्तरं देतील, आणि सगळ्यात तिखट उत्तर मथळ्यात जाईल. "माझं नाव घालू नका" म्हणून सांगितलेलंही गावात लपत नाही.

खाजनकर
गटात आज बोलणं झालं. मानशीच्या वादावर सध्या मेलमध्ये काही लिहायचं नाही, पण विचारलं तर अध्यक्षच बोलतील. दोघे जण नाराज आहेत. मसुदा असा झालाय:

विषय: १३ वर्षं पडीक खाजनात मंगळवारी भातकापणी

नमस्कार,

ज्या खाजनात २०११ नंतर भाताची कापणी झाली नाही, तिथं पुढच्या मंगळवारी सकाळी ७ वाजता विळा चालणार आहे.

तिसवाडीतल्या आमच्या गावच्या २२ हेक्टर खाजनापैकी १४ हेक्टरवर यंदा कोरगूट उभं आहे; विभागीय कृषी कार्यालयाच्या सप्टेंबरच्या पाहणीत तशी नोंद असून तिची प्रत आमच्याकडे आहे. उरलेल्या ८ हेक्टरात अजून खारं पाणी साचतं.

आपण खाजनांवर लिहिता म्हणून हा विषय फक्त आपल्याला कळवत आहे. शुक्रवार संध्याकाळपर्यंत आपलं उत्तर आलं नाही तर इतरांना कळवू. सोमवारी किंवा मंगळवारी बांधावर यायचं असल्यास ओहोटीची वेळ सोयीची पडेल, ती आधी कळवतो.

गटाचे अध्यक्ष, नाव आणि फोन

ठीक आहे का?

पान_लावणारा
चांगला झालाय. विषयाची ओळ नीट आखूड ठेवलीत, फोनवर चाळीसेक अक्षरांपुढचं कापलं जातं आणि "भातकापणी" तेवढ्यात बसतं. गावाचं नाव मात्र मेलमध्ये हवं, "आमच्या गावच्या" म्हणून तो तिसवाडीभर हिंडणार नाही. "फक्त आपल्याला" लिहिलंत तर ते पाळा. तोच मेल चौघांना गेला तर संध्याकाळपर्यंत त्यांना एकमेकांकडून कळतं, कार्यक्रमांना तीच तीच माणसं भेटतात, गोवा केवढासा.

मेल युनिकोडमध्ये टाइप करा. पुष्कळ जण डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटात करून घेतात आणि पीडीएफ जोडतात. त्यातून मजकूर उचलला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं पडतात. मग कोणी परत टाइप करीत नाही.

वाळपईकरीण
आणि तालुका प्रतिनिधीचं काय? पणजीच्या बातमीदाराला थेट पाठवलंत तर तालुक्यात फिरणारा माणूस दुखावतो. उद्या गावात पाणी शिरलं तर फोन त्यालाच करायचाय.

जुनी_वार्ताहर
यावर दोन मतं आहेत. प्रादेशिक पान हातात असलेल्या प्रतिनिधीकडून बातमी नक्की येते, पण लहान येते, आणि ते पान लवकर सुटतं. पणजीच्या खास बातमीदारानं घेतली तर मोठी येते, नाही तर येतच नाही. माझ्या मते आधी पणजीला पाठवा, शुक्रवारी उत्तर नसेल तर प्रतिनिधीला फोन करा, मेल नको. घेतली तर बातमीदारालाच सांगा की तालुक्याच्या माणसाला कल्पना द्या.

नाट्यवेडा_डिचोली
फोन कधी करावा? आम्ही संध्याकाळी सहाला करतो तेव्हा कोणीच उचलत नाही.

पान_लावणारा
पाचनंतर सगळे बातमी लिहीत असतात, तेव्हा उचलला तरी ऐकणार नाहीत. सकाळी अकरा ते एक बरं. मेलनंतर दुसऱ्या दिवशी एकच फोन. "मेल मिळाला का?" विचारू नका, पहिली ओळ परत सांगा आणि "मंगळवारी येणार का?" विचारा. दोनदा नाही म्हणाला तर सोडा.

दिवस निवडताना दिवाळीतली नरकासुराची रात्र बघा, त्या आठवड्यात फोटोग्राफर मोकळा नसतो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी, तेव्हा पणजीबाहेर कोणी निघत नाही. पावसाळी अधिवेशनात सगळे पर्वरीला. तुमचा मंगळवार यात कुठं सापडत नसेल तर ठीक.

खाजनकर
नरकासुराच्या आधीचा आठवडा आहे. पण भात लवकर पिकलं किंवा पाऊस आला तर दिवस सरकेल.

वाळपईकरीण
मग "पुढच्या मंगळवारी" च्या पुढं "पाऊस नसल्यास" लिहा. दिवस बदलला तर स्वतःहून कळवा, तो येऊन परत गेला तर पुढच्या वेळी येणार नाही.

आकडेमोड
फोटो कोण काढणार? बातमीदार एकटाच आला तर मोबाइलवरचेच जातील.

पान_लावणारा
तुमचे दोन काढून ठेवा. एक आत्ताचा, बांधावरून, एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला ते आठ हेक्टर दिसतील असा. दुसरा जुना, त्याच जागेवरून पडीक शेताचा, कधी काढला ते माहीत असलेला. मेलला जोडू नका, मागितले की द्या. व्हॉट्सअॅपवर देताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात तर तो आकसतो आणि चार कॉलमला लावला की फाटतो. फोटोत माणसं असतील तर डावीकडून नावं, शुद्धलेखन तपासून.

खाजनकर
जुना फोटो आहे, पण क्रिकेटचा.

पान_लावणारा
तोच द्या. साल लक्षात असलं तर सोबत लिहा.

लोककार्य
आणि आमदारांना मग बोलवायचंच नाही का? ते रागावतील त्याचं काय?

जुनी_वार्ताहर
बोलवा, पण मळणीला, चार दिवसांनी. तेव्हा पोती मोजलेली असतील, हेक्टरी उतारा किलोत सांगता येईल.

लोककार्य
अध्यक्षांनी हे आमदारांच्या माणसाला कसं सांगायचं ते मात्र कोणी लिहिलं नाही.